शब्दांविना आलेले बालचित्र: पालकांना उत्तर कसे लिहावे

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या पालकाच्या नंबरवरून मुलाने काढलेल्या चित्राचा फोटो येतो. त्याखाली एक अक्षरही नसते आणि आपण काय लिहावे हे कळत नाही. सिंधुदुर्गातील किनाऱ्यालगतच्या प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गाला शिकवताना मला असे फोटो वर्षभर येतात. नव्या शिक्षिका आणि अंगणवाडीतील ताई याविषयी विचारतात, तेव्हा त्यांच्या उत्तरांत दोनच प्रकार आढळतात. काहीजणी अंगठ्याचे चिन्ह टाकून मोकळ्या होतात, तर काहीजणी चित्रातून मुलाच्या मनाचा शोध घेऊ लागतात. पहिल्या प्रकाराने मूल हिरमुसते. दुसऱ्याने घर घाबरते, आणि हे नुकसान भरून यायला फार वेळ लागतो, म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्या दुसऱ्या चुकीसाठी आहे.

ती चूक मी स्वतः केलेली आहे. एका पावसाळ्यात एका मुलीच्या आईने संपूर्ण काळ्या रंगाने भरलेला कागद पाठवला. मी लगेच लिहिले, "घरी सगळे ठीक आहे ना?" त्या एका प्रश्नामुळे आईने रात्री मुलीला तीनदा विचारले, दुसऱ्या दिवशी आजीने विचारले, मुंबईहून वडिलांचा फोन आला, आणि मुलीने पुढचे काही आठवडे चित्र काढणेच थांबवले. वादळात वीज गेली होती आणि तिने अंधार काढला होता, एवढीच ती गोष्ट होती. पुढील टप्पे त्या प्रसंगानंतर माझ्या हातात हळूहळू बसत गेलेले आहेत.

## पूर्वतयारी

उत्तर लिहिण्यापूर्वी चार बाबी पाहून घ्याव्यात, आणि त्या पाहण्यास दोन मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही.

चित्र तुमच्या वैयक्तिक नंबरवर आले आहे की वर्गाच्या ग्रुपवर, हे आधी पाहावे. ग्रुपवर आले असेल तर तेथे फक्त पोहोच द्यावी आणि सविस्तर उत्तर पालकाला स्वतंत्रपणे पाठवावे, कारण ग्रुपवर एका चित्राविषयी चार वाक्ये लिहिली की उरलेल्या घरांत तुलना सुरू होते. त्यानंतर हा नंबर घरात कोणाच्या हातात असतो ते आठवावे. आपल्याकडे पुष्कळ घरांत वडील बोटीवर किंवा मुंबईला असतात, आईचा फोन संध्याकाळी मुलाच्या हातात असतो आणि फोटो मुलानेच पाठवलेला असतो. आजोबांच्या नंबरवरून आलेले चित्र पाहून "आईने का नाही पाठवले?" असा विचार करत बसू नये.

तिसरी बाब मुलाचे वय. चौथी म्हणजे त्या चित्राच्या आधीचा संवाद. काल तुम्ही "घरून एक चित्र काढून आणा" असे सांगितले असेल, तर हा गृहपाठ आहे आणि पालकाने तो तुमच्याकडे पोहोचवला आहे.

वेळ नसेल तर अर्धवट उत्तर देऊ नये. "चित्र मिळाले. रात्री नीट पाहून लिहिते." एवढे लिहावे आणि रात्री खरोखरच लिहावे. आपल्या भागात पावसाळ्यात रेंज जाते आणि निळ्या खुणा दिसून दोन दिवस उत्तर गेले नाही असेही होते, तेव्हा उशिरा लिहिताना उशिराचे कारण एका वाक्यात सांगितले तरी पालकाच्या मनातील शंका जाते.

इशारा: पालकाने काही लिहिले नाही याचा अर्थ लावू नये. हातात मासळीचा वास असेल, लिहिण्याची सवय नसेल, बाईंना काय लिहावे असा संकोच असेल, किंवा चित्र पुरेसे बोलते असे त्यांना वाटले असेल. यातील कोणते कारण खरे आहे हे आपल्याला फोनवरून कळत नाही आणि उत्तर लिहिण्यासाठी ते कळण्याची गरजही नसते.

## टप्पा 1: पाहणे आणि वाटणे वेगळे करणे

फोटो उघडून तो मोठा करावा, कागद आडवा असेल तर फोन आडवा धरावा, आणि चारही कोपरे पाहावेत. मुले कोपऱ्यात पुष्कळ काही ठेवतात. त्यानंतर हाताशी असलेल्या कागदावर मधोमध एक रेघ मारून डाव्या बाजूला दिसणाऱ्या गोष्टी आणि उजव्या बाजूला आपल्याला वाटणाऱ्या गोष्टी लिहाव्यात. "निळ्या आडव्या रेघा", "तीन माणसे, त्यांपैकी एक मोठे", "खाली उजवीकडे काळ्या रंगाची दाट रेघोटी" हे डाव्या बाजूला येईल. "एकटेपणा", "राग", "घरात भांडण", तसेच "किती आनंदी मूल आहे!" हेही सगळे उजव्या बाजूला जाईल. आनंदाचा अर्थ लावणे हासुद्धा अर्थ लावणेच असते, हे येथे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

उत्तरात फक्त डावी बाजू वापरायची. उजवी बाजू फाडून टाकली तरी चालेल, परंतु ती एकदा लिहून काढणे आवश्यक आहे. मनात राहिलेली शंका वाक्याच्या सुरात उतरते आणि "चित्र वेगळेच वाटले" असे निरुपद्रवी दिसणारे शब्द पालकाला रात्रभर जागे ठेवतात.

तपासणी: डाव्या बाजूचे प्रत्येक वाक्य मुलाला न ओळखणाऱ्या माणसाने फोटो पाहून म्हटले असते का? नसेल, तर ते उजव्या बाजूचे आहे.

येथे फोटोविषयी एक व्यावहारिक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. रात्री पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत पांढरा कागद पिवळट दिसतो, गडद निळा जवळपास काळा दिसतो आणि फिकट पिवळा रंग नाहीसाच होतो. कागदावर हाताची सावली पडली तर चित्राचा अर्धा भाग उदास भासतो. म्हणून फोटोवरून रंगाविषयी ठाम बोलू नये. मूल शाळेत मूळ कागद घेऊन आले की रंग कळतोच.

## टप्पा 2: वयाला साजेसे काय आहे ते ओळखणे

हा टप्पा मुलाचे मूल्यमापन करण्यासाठी नाही. आपल्या मनातील विनाकारण भीती बाजूला काढण्यासाठी आहे, आणि तेवढ्यापुरतेच ज्ञान वापरून पुढे जावे.

तीन-चार वर्षांचे मूल माणूस काढते तेव्हा एका गोलालाच पाय फुटलेले असतात, हात कधी डोक्यातून निघतात, कधी नसतातच. धड काढलेले नाही याला काही अर्थ चिकटवू नये, त्या वयात जगभर मुले तशीच माणसे काढतात. पाच ते सात वर्षांच्या सुमारास कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते, वरच्या कडेला आकाशाची निळी पट्टी येते आणि मधली जागा कोरी राहते. सूर्य कोपऱ्यात जातो. घराच्या भिंतीतून आतली माणसे, चूल, टीव्ही दिसतो. भिंत पारदर्शक आहे असे मुलाला वाटत नसते, आत काय आहे हे त्याला ठाऊक असते आणि ते सांगायचे असते.

माणसाचा आकार हा सर्वांत जास्त चुकीचा वाचला जाणारा भाग आहे. मुलाने ज्याला आधी काढले त्याला भरपूर जागा मिळते आणि जो शेवटी आला तो कडेला, छोटा, कधी आडवा होतो. आवडत्या माणसाला मोठे काढले जाते हे कधी खरे असते, पण मोठे काढलेले माणूस भीतीचे, आवडीचे, की फक्त पहिले, हे कागदावरून सांगता येत नाही.

रंगाचेही तसेच आहे. बारा खडूंच्या डबीत आवडते रंग आधी झिजतात आणि उरलेल्यांतून निवड होते. पांढऱ्या कागदावर पिवळा उठून दिसत नाही, काळा एका फटक्यात दिसतो, म्हणून मुलांना काळा आवडतो. त्यातून आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाश खरोखरच काळपट असते.

स्थानिक गोष्टीही मुलाच्या चित्रात येतात, आणि बाहेरून बदली होऊन आलेल्या शिक्षकांनी त्या शिकून घ्याव्यात. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिकी मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात आणि त्यांवर झावळ्यांचे झाप किंवा निळी ताडपत्री घालून त्या शाकारलेल्या असतात. पहिलीतल्या एका मुलाने अशी होडी काढली होती. ते चित्र दुरून दार-खिडकी नसलेल्या बंद घरासारखे दिसत होते आणि एका सहकारी शिक्षकांनी त्यावरून बरीच चिंता केली होती. मुलाने स्वतः सांगितले तेव्हा उलगडा झाला की ते घर नव्हते, आणि होडीला दार असते तरी कुठे!

इशारा: "काळा रंग म्हणजे दुःख", "हात नसणे म्हणजे असहायता" अशा याद्या फोनवर फिरतात. त्यांचा धागा बहुधा जुन्या चाचण्यांपर्यंत जातो. 1926 साली फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी माणसाच्या चित्रातील तपशील मोजण्याची पद्धत मांडली आणि 1948 साली जॉन बक यांनी घर-झाड-माणूस ही चाचणी मांडली. या चाचण्या प्रशिक्षित व्यक्तीने, ठरलेल्या पद्धतीने, मुलाशी बोलून आणि इतर माहिती जोडून वापरायच्या असतात, आणि तसे करूनही चित्रावरून स्वभावाचे निष्कर्ष काढण्याविषयी मानसशास्त्रज्ञांमध्ये मोठे मतभेद आहेत. फोनवरच्या एका फोटोवरून तर कोणालाच काही ठरवता येत नाही.

## टप्पा 3: उत्तराचा क्रम

उत्तर तीन ते पाच वाक्यांचे असावे आणि त्यांचा क्रम बदलू नये.

पहिले वाक्य पालकासाठी. पालकाने काहीतरी तुमच्यापर्यंत आणले आहे, त्याची पोहोच द्यावी. "दादा, चित्र पाठवलेत, बरे वाटले." पालकाला ज्या नात्याने एरवी हाक मारता, तीच येथेही वापरावी. गावात ज्यांना "दादा" किंवा "वहिनी" म्हणता त्यांना अचानक "आदरणीय पालक" म्हटले तर शाळेची नोटीस आल्यासारखे वाटते.

दुसरे वाक्य चित्रासाठी. टप्पा 1 मधील डाव्या बाजूची एक, फार तर दोन निरीक्षणे घ्यावीत. निरीक्षण जितके नेमके, तितका ओलावा अधिक. "छान चित्र" हे न पाहताही लिहिता येते. "निळ्या रेघा कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत न थांबता गेल्या आहेत" हे पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही, आणि हा फरक सहा वर्षांच्या मुलालाही कळतो. मात्र वस्तूला नाव देताना सावध राहावे. ज्याला आपण होडी म्हणू ती मुलासाठी मासा असू शकते, म्हणून खात्री नसेल तर रंग आणि आकार सांगावा: "मधला मोठा तपकिरी आकार".

तिसरे वाक्य मुलासाठी. एकच प्रश्न विचारावा, आणि त्याचे उत्तर "हो" किंवा "नाही" यात संपणारे नसावे. "हे काय आहे?" असे विचारू नये, कारण त्यातून मुलाला आपले चित्र ओळखू आले नाही असे ऐकू येते. "असे का काढलेस?" हेही टाळावे, कारण "का" ऐकले की मूल चूक शोधू लागते. "या चित्रात काय चालले आहे ते मला सांगशील का?" हा प्रश्न बहुतेक वेळा पुरतो.

शेवटचे वाक्य मोकळीक देणारे. "सांगावेसे वाटले तरच सांग, नाहीतर शाळेत भेटू." हे वाक्य गाळले जाते आणि त्याचा परिणाम म्हणजे आई मुलाच्या मागे लागते: "बाईंनी विचारलंय, सांग लवकर." मोकळीक लिहून दिली की पालकावरचे दडपण उतरते.

पुढील शब्द उत्तरात आले तर ते काढून टाकावेत: "मन", "भावना", "ताण", "संवेदनशील", "प्रतिभा", "वाटते की त्याला". भविष्यवाणीही नको. "मोठा चित्रकार होणार" असे लिहिले की पुढच्या चित्रापासून मूल बाईंना दाखवण्यासाठी काढू लागते.

तपासणी: लिहिलेले उत्तर मोठ्याने वाचावे आणि पालकाच्या घरात ते चारजणांसमोर वाचले जाईल असे समजावे. कोणाच्या कपाळावर आठी येईल असा शब्द सापडला तर तो बदलावा. ज्या घरात वाचण्याची सवय कमी आहे तेथे हेच उत्तर तीस सेकंदांच्या व्हॉइस नोटने पाठवावे. मुलाला त्यात बाईंचा आवाजही ऐकायला मिळतो.

## टप्पा 4: एक चित्र, चार उत्तरे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिलीतल्या, सहा वर्षांच्या एका मुलाचे चित्र रात्री पावणेदहाला वडिलांच्या नंबरवरून आले. कागद आडवा. डाव्या बाजूला लाल उतरते छप्पर असलेले घर, शेजारी एक माड. मध्यभागी निळ्या रेघा. त्यांच्या काठाला तीन माणसे. त्यांतील एक घराएवढे मोठे आणि त्याला हात नाहीत. दुसरे मध्यम. तिसरे अगदी उजव्या कडेला, लहान, बाकीच्यांपासून दूर. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात काळ्या खडूने इतके जोरात गिरवलेले की कागद एके ठिकाणी फाटला होता.

मनात प्रथम आलेले उत्तर असे होते: "दादा, काळा रंग खूप दाबून काढलाय. मुलगा कशाने रागावलाय का?" हे उजव्या बाजूचे आहे आणि वडिलांना त्यातून आरोप ऐकू आला असता. दुसरे मनात आले ते "अतिशय सुंदर! खूप हुशार मुलगा!" यात चित्र कुठेच नाही. तिसरे प्रामाणिक होते, पण फसवे: "समुद्रावर सगळे कुटुंब फिरायला गेले वाटते, किती छान!" यात मी त्या तीन माणसांना कुटुंब ठरवले आणि त्यांना फिरायला नेले. मूल भिडस्त असेल तर ते "हो" म्हणते आणि त्याची स्वतःची गोष्ट तेथेच संपते. तिसऱ्या प्रकारची चूक सर्वांत जास्त होते, कारण ती प्रेमाने केली जाते.

शेवटी पाठवलेले उत्तर हे होते. मुलाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, तुम्ही ते अवश्य लिहावे.

"दादा, चित्र पाठवलेत, बरे वाटले. त्याला सांगा, निळ्या रेघा मी बोटाने मोजल्या, सात आहेत. आणि खालच्या कोपऱ्यातल्या काळ्या भागाला हाताची पुष्कळ ताकद लागली असणार. या चित्रात काय चालले आहे ते बाईंना ऐकायला आवडेल. झोपला असेल तर उठवू नका, कधीही सांगितले तरी चालेल."

यातील काळ्या भागाचा उल्लेख मी टाळला नाही, हे लक्षात घ्यावे. जो भाग काढायला मुलाने सर्वांत जास्त मेहनत घेतली, तोच आपण भीतीपोटी गाळला तर मुलाला ते जाणवते. उल्लेख करावा, पण ताकदीचा करावा, कारणाचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईची व्हॉइस नोट आली: "बाई, तो सांगता, ता काळा म्हणजे रापणीचा जाळा." रापणीचे जाळे पाण्यात अर्धगोल टाकून दोन्ही टोकांनी पुष्कळ माणसे किनाऱ्यावर ओढतात, हे त्याने रविवारी आजोबांबरोबर पाहिले होते. जाळे ओले आणि जड होते, म्हणून त्याने जोर लावला होता. मोठे माणूस म्हणजे दोर ओढणारा काका, आणि त्याचे हात दोरावर असल्यामुळे "वेगळे काढायचे कशाला", असे त्याचे म्हणणे होते. कडेच्या लहान माणसाविषयी आईने विचारले तेव्हा तो म्हणाला, "माहीत नाही." मी तो प्रश्न तेथेच सोडला. प्रत्येक रेघेला उत्तर मिळालेच पाहिजे असा हट्ट धरला तर तीच तपासणी होऊन बसते.

## टप्पा 5: उत्तर गेल्यानंतर

पालकाकडून काहीच उलट आले नाही तर पुन्हा विचारू नये. एक आठवण पाठवली की साधी गोष्ट महत्त्वाची होऊन बसते. शाळेत मूल भेटले की दप्तर ठेवताना, इतर मुले ऐकत नसताना, "तुझं चित्र पाहिलं मी" एवढेच म्हणावे आणि पुढे जावे. बोलायचे असेल तर मूल थांबते. वर्गासमोर चित्र उचलून धरू नये आणि परवानगीशिवाय ते शाळेच्या ग्रुपवर किंवा स्टेटसवर टाकू नये. परवानगी पालकाची घ्यावी आणि मुलाचीही.

कधी पालक स्वतःच विचारतात, "बाई, याचा काही अर्थ असतो का?" येथे टाळाटाळ करू नये. मी असे लिहिते: "वहिनी, एका चित्रावरून मला काही सांगता येत नाही आणि कोणी सांगितले तरी त्यावर विसंबू नका. तुम्हाला काही काळजी वाटते आहे का? वाटत असेल तर उद्या शाळा सुटल्यावर दहा मिनिटे बसू." या प्रश्नामागे काही वेळा खरोखरच काळजी असते आणि ती चित्राची नसते. झोप, जेवण, शाळेत यायला नकार, अशा गोष्टी पालक चित्राच्या आडून सांगू पाहतात. ते बोलणे समोरासमोर व्हावे, टाईप करून नव्हे.

## टप्पा 6: हे उत्तर जेथे पुरत नाही

अर्थ लावू नये याचा अर्थ डोळे मिटावेत असा नाही. रंग, आकार किंवा न काढलेले हात हे काळजीचे कारण नव्हे. मात्र पुढील गोष्टी चित्राबाहेरच्या आहेत आणि त्या दिसल्या तर त्यांची नोंद घ्यावी: मुलाने स्वतःच्या शब्दांत कोणी दुखवल्याचे सांगणे, अंगावर कारण न सांगता येणाऱ्या खुणा, कित्येक आठवडे टिकून राहिलेला वागण्यातील बदल.

मुलाने असे काही सांगितले तर शांतपणे ऐकावे, "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणावे, त्याचेच शब्द तारखेसह लिहून ठेवावेत आणि खोदून प्रश्न विचारू नयेत, कारण आपल्या प्रश्नांनी मुलाचे शब्द बदलतात. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा आशंका असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. "आधी मुख्याध्यापकांनी ठरवावे" म्हणून थांबता येत नाही, मुख्याध्यापकांना त्याच वेळी सांगावे. 1098 या चाइल्डलाइन क्रमांकावर कोणीही केव्हाही फोन करून मदत मागू शकते.

इशारा: अशा वेळी ज्या नंबरवरून चित्र आले त्या नंबरवर यातील एकही शब्द लिहू नये. तो फोन घरातील कोणाच्या हातात आहे हे आपल्याला माहीत नसते. चित्राला नेहमीसारखेच, टप्पा 3 प्रमाणे उत्तर द्यावे आणि बाकीचे काम फोनबाहेर करावे.

## टप्पा 7: पुढचे चित्र

नीट उत्तर गेले की चित्रे वाढतात, आणि ती पुन्हा शब्दांविनाच येतात. दर वेळी पाच वाक्ये लिहिणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या चित्रापासून एक निरीक्षण पुरते, प्रश्नही गाळता येतो. मागच्या चित्रातील काही आठवत असेल तर ते जोडावे, कारण आपले आधीचे चित्र बाईंच्या लक्षात आहे हे मुलाला त्यातून कळते.

रापणीचे चित्र काढणाऱ्या मुलाचे पुढचे चित्र आठवड्याने आले, नेहमीप्रमाणे खाली काही न लिहिता. त्यात समुद्र नव्हता, फक्त एक मोठा हिरवा चौकोन आणि त्यावर पुष्कळ ठिपके. मी लिहिले, "दादा, मिळाले. या वेळी निळा रंग कुठेच नाही, सगळे हिरवे आहे. ठिपके मी चाळीसपर्यंत मोजले, मग चुकले." दहा मिनिटांत मुलाच्या आवाजात उत्तर आले, "बाई, त्रेचाळीस आसत."